दहा दिवसांची जोखीम काढताना √10 ने गुणणे केव्हा चुकते?

प्रश्न: एका दिवसाच्या व्हॅल्यू ॲट रिस्कला √10 ने गुणून दहा दिवसांचा आकडा काढतात. परताव्यांत ऑटोकोरिलेशन असेल तर हे चालते का?

उत्तर: नाही. वर्गमूळ येते ते विचरणांच्या बेरजेतून, आणि ती बेरीज सरळ होते ती रोजचे परतावे परस्परांशी सहसंबंधित नसतील तेव्हाच. अन्यथा प्रत्येक जोडीचे सहविचरणही त्यात मिळवावे लागते.

समजा, पोर्टफोलिओ 1 कोटीचा, रोजची अस्थिरता 1 टक्का, सरासरी परतावा शून्य आणि वितरण नॉर्मल आहे. 99 टक्के पातळीवर एका दिवसाचा आकडा 2.33 लाख आणि √10 ने 7.37 लाख येतो. पण आजच्या परताव्याचा कालच्याशी सहसंबंध 0.2 असून तो पुढे 0.04, 0.008 असा घटत गेला, तर गुणक असा होतो:

√[10 + 2(9×0.2 + 8×0.04 + 7×0.008 + …)] ≈ 3.79

म्हणजे खरी जोखीम सुमारे 8.83 लाख. सहसंबंध −0.2 असता तर गुणक 2.64 झाला असता, म्हणजे वर्गमूळाने जोखीम फुगवून दाखवली असती.

क्वचित व्यवहार होणाऱ्या रोख्यांत शिळ्या किमतींमुळे धन सहसंबंध अनेकदा दिसतो, आणि तिथे तर रोजची अस्थिरताच मुळात कमी मोजली गेलेली असू शकते. पडताळणीसाठी दहा दिवसांच्या परताव्यांचे विचरण रोजच्या विचरणाच्या दहापटीने भागावे. भागाकार 1 पासून स्पष्टपणे दूर असेल, तर वर्गमूळ वापरू नये. मात्र तो 1 आला तरी अस्थिरतेचे गुच्छ राहू शकतात, म्हणून परताव्यांच्या वर्गांचे ऑटोकोरिलेशनही वेगळे तपासावे.