आधी कापड फाटतं, बंद नाही

प्रश्न: अस्तराची टोट बॅग शिवतेय. तळाचे कोपरे बॉक्ससारखे कसे काढायचे आणि बक्रम कुठलं लावलं म्हणजे वजनाने बंद तुटणार नाहीत?

बक्रमाने बंद टिकत नाहीत. बक्रम पिशवीला उभं ठेवतं, वजन पेलत नाही. आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही.

मोठ्या जाऊबाईंनी तालुक्याला शिवणाचा क्लास केला. तिथे शिकवलं की बंदाची टोकं बाहेरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये घालायची, वरून एक दाबटीप मारली की झालं. मी पिशवीला बाहेरून खालपर्यंत पट्टे मारते, ते त्यांना आवडत नाहीत. "असे पट्टे मारले तं पोतं दिसते पोतं," म्हणायच्या. तुरीचा हंगाम झाल्यावर नागपूरच्या नणंदेकडे वानोळा निघाला. जाऊबाईंच्या पिशवीत दहा किलो डाळ, वर थोड्या मोसंब्या. एसटीच्या पायरीवर पिशवी वर ओढली आणि एक बंद हातात राहिला. अर्धी डाळ स्टँडवर.

घरी आल्यावर मी ती फाटकी कड नीट पाहिली. दोरा शाबूत, बंद शाबूत. सुईच्या भोकांच्या ओळीवरूनच कापड सरळ फाटलं होतं, पोस्टाचं तिकीट फाडावं तसं. चांगलं जाड बक्रम चिकटवलेलं होतं, तेही त्याच ओळीत फाटलं. सगळं वजन दीड इंचाच्या एका टिपेवर, त्यात टीप बारीक म्हणजे भोकं जवळजवळ. बक्रम आणखी जाड असतं तरी हेच झालं असतं. जाऊबाई अजूनही दोऱ्याला दोष देतात.

म्हणून पट्टा सलग घ्या. दीड इंची सुती नवार साधारण तीन मीटर लागते. ती तळाखालून निघून समोरून वर, तिथे हाताचा बंद बनून परत खाली, पुन्हा तळाखालून मागच्या बाजूने वर, अशी एकच फेरी. जोड तळाखाली ठेवा आणि दोन इंच एकावर एक चढवा. मग वजन नवार उचलते, कापड फक्त सामान धरून ठेवतं. दोन पट्ट्यांत सहा इंच अंतर ठेवून, बाजू जोडायच्या आधी, दोन्ही कडांनी टीप मारा. वरच्या काठाच्या दीड इंच खाली थांबा, नाहीतर अस्तर जोडताना पट्टा आड येतो. तिथे चौकोन आणि आत फुली मारा, मागे जुन्या जीन्सचा तुकडा लावा. सुई १६ किंवा १८ नंबरची, टीप लांब.

आता कोपरे. बारा इंच रुंद, पाच इंच खोल, चौदा इंच उंच पिशवी धरू. कापड १८ बाय ३४ इंच, तळाशी घडी, माया सगळीकडे अर्धा इंच. तळाला जोड नको, कारण सगळं वजन तिथेच बसतं. घडीवर दोन्ही कोपरे कापताना बहुतेक जणी अडीच बाय अडीचचा चौकोन कापतात, मग कडा जुळत नाहीत आणि ओढून शिवल्यावर तळाला सुरकुती येते. बाजूकडून अडीच इंच घ्या, पण घडीपासून वर दोनच इंच. बाजूला अर्धा इंच माया जाते, घडीला जात नाही. तळाला जोड असेल तरच अडीचचा पूर्ण चौकोन. बाजू शिवा, माया उघडून इस्त्री करा, ती शिवण तळाच्या घडीच्या रेषेवर आणून कोपरा बंद करा. इथे टीप दोनदा, दोन्ही टोकांना उलट टीप.

बक्रम चिकटवायचं असेल तर विणलेलं घ्या आणि चारी बाजूंनी अर्धा इंच कमी कापा, म्हणजे कोपऱ्यात थर साचत नाहीत. पिशवीचं कापड मांजरपाट असेल तर ते आधी धुऊन आटवून घ्या. इस्त्री घासू नका, दाबून धरा आणि गार होईपर्यंत कापड हलवू नका. धुतल्यावर फुगे आले तर यातलंच काहीतरी राहिलेलं असतं.

अस्तर थोडं लहान कापायचं असं शिकवतात. शोभेच्या पिशवीला ते ठीक. ओझ्याच्या पिशवीला अस्तर त्याच मापाचं हवं, नाहीतर डाळ अस्तरावर लोंबकळते आणि तीच शिवण आधी उसवते. उलटवायला अस्तराच्या बाजूच्या शिवणीत सहा इंच जागा सोडा. ती बंद करायच्या आधी, आत हात घालून अस्तराचे कोपरे बाहेरच्या कोपऱ्यांच्या मायेला हाताने चार टाके घालून अडकवा.

एक सांगायचं राहिलं. कापडावर एकाच दिशेचं छापकाम असेल तर घडीमुळे मागची बाजू उलटी दिसेल. मग तळाला जोड द्यावाच लागतो, पण पट्टे त्याच्या खालून गेलेले असले की त्या जोडावर फार ताण येत नाही.