दुपारचा भात संध्याकाळी तोंडात येतो

“माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत. दुपारी जेवलेला भात संध्याकाळी वाकले की तोंडात येतो, मानेत गुडगुडतं, तोंडाला फार वास येतो. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनी फरक नाही. कॅन्सर तर नसेल ना?” – देवगडहून एक सून

आधी त्यांना विचारा, वर आलेलं आंबट लागतं का? मालवणकडच्या एका आजोबांना मी हेच विचारलं होतं. ते म्हणाले, “नाय गो, आंबट खंय? सकाळची पेज जशीच्या तशी. शितां दिसतत.” पोटातून परत आलेलं अन्न बहुधा आंबट लागतं. आजोबांची पेज पोटापर्यंत पोचलीच नव्हती.

अन्ननलिकेच्या तोंडाशी एक स्नायू असतो. गिळताना तो सैल पडायला हवा. उतारवयात काहींचा तो नीट सैल होत नाही. मग घासाचा दाब मागच्या भिंतीवर येतो आणि स्नायूच्या जरा वर, भिंत नाजूक असते तिथे, आतलं अस्तर फुगून पिशवी तयार होते. डॉक्टर तिला ‘झेंकर्स डायव्हर्टिक्युलम’ म्हणतात. अन्न तिथे साचून कुजतं, म्हणून वास. हवा आणि पाणी घुसळतं, म्हणून गुडगुड. वाकलं की ती ओतली जाते.

आजोबा दिवसातून तीनदा दात घासत होते, तरी वासाच्या लाजेने पडवीत एकटे जेवायला बसू लागले होते. हा अस्वच्छतेचा वास नाही, हे त्यांच्यासमोरच घरच्यांना सांगणं मला औषधाइतकंच गरजेचं वाटलं.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी त्यांची बेरियम तपासणी केली. पांढरं द्रावण गिळताना एक्स-रे काढतात, त्यात पिशवी भरताना दिसते. दुर्बिणीची तपासणी ठरली, तर पिशवीची शंका डॉक्टरांना आधीच सांगा. नळी चुकून पिशवीत शिरली, तर पिशवी फाटू शकते.

कॅन्सर नाही, असं लक्षणं ऐकून कुणीच सांगू नये. गिळण्याचा त्रास झपाट्याने वाढत असेल, आवाज बसला असेल, रक्त पडत असेल किंवा वजन उतरत असेल, तर तपासणी लगेच करून घ्या. वजन मात्र पिशवीमुळेही उतरतं, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरून जाऊ नका.

गोळ्यांनी पिशवी जात नाही. लहान असेल आणि त्रास नसेल, तर नुसतं लक्ष ठेवतात. आजोबांची तोंडातूनच दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. पिशवी आणि अन्ननलिकेमधला पडदा, त्यातल्या त्या स्नायूसकट, कापला. आता ते पुन्हा सगळ्यांबरोबर जेवतात.

सासऱ्यांची तपासणी होईपर्यंत त्यांना मऊ भात, पेज द्या. घास लहान, मध्ये पाण्याचा घोट. जेवल्यावर लगेच आडवं होऊ देऊ नका, झोपताना डोक्याकडची बाजू उंच ठेवा. रक्तदाबाच्या वगैरे गोळ्याही पिशवीत अडकतात, तेव्हा त्या कशा द्यायच्या हे डॉक्टरांना विचारा. रात्री ठसका लागून नंतर ताप किंवा धाप आली, तर अन्न फुप्फुसात गेलेलं असू शकतं. तेव्हा सकाळची वाट पाहू नका.