अनामत परत करतानाचा हिशेब

भाड्याने अवजारे देण्याच्या कामात सुरुवातीचे बहुतेक वाद अनामत परत करताना होतात, म्हणून आधी तेवढाच भाग पक्का करा. अनामत हे तुमचे उत्पन्न नव्हे, ते ग्राहकाला परत करायचे देणे आहे. ते भाड्याच्या रकमेत मिसळणे ही नवख्यांची पहिली चूक.

दुसरी चूक म्हणजे ‘दिवस’ कशाला म्हणायचे, हे न लिहिणे. समजा, ड्रिल मशीनचे रोजचे भाडे ५०० आणि अनामत ३००० आहे. सोमवारी सकाळी १० वाजता तीन दिवसांसाठी दिलेले मशीन गुरुवारी १० पर्यंत यायला हवे होते, ते शुक्रवारी दुपारी १ वाजता आले, म्हणजे २७ तास उशीर झाला. दिवस २४ तासांचा, एक तासाची सवलत आणि उशिराच्या प्रत्येक सुरू झालेल्या दिवसाला दीडपट दर असे ठरले असेल, तर दोन दिवसांचे १५०० होतात. भाडे आगाऊ घेतलेले असल्यास ही रक्कम अनामतीतून वजा होईल.

मशीनचा चक, म्हणजे ड्रिलचा बिट पकडून ठेवणारा भाग, अडकला असून दुरुस्तीला ६०० लागले, तर तेवढेच कापा आणि बिलाची प्रत देऊन उरलेले ९०० परत करा. नव्या चकची पूर्ण किंमत लावणे किंवा नेहमीच्या वापराची झीज मोजणे मला अन्यायाचे वाटते. चक आधीपासून घट्ट होता का, हे मात्र मशीन देतानाच ग्राहकासमोर चालवून, फोटो काढून आणि सही घेऊनच सिद्ध होते.