‘मला दिसतंय’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न: "मी खानापूरचा. फोटो टाकला की एआय टूल ‘मला दिसतंय की...’ असं लिहितं. मला नाही पटत, त्याला कुठं डोळे आहेत? सिद्ध करून दाखव म्हटलं, तरी समाधान झालं नाही. मराठीत ‘दिसतंय’ म्हणणं बरोबर आहे का?"

‘दिसणे’ आणि ‘बघणे’ हे दोन शब्द आपण सारखेच समजतो, पण ते सारखे नाहीत आणि तुमच्या शंकेचं मूळ मला तिथंच वाटतं. ‘मी बघतो’ यात मी काहीतरी करतोय. ‘मला दिसतं’ यात मी काही करत नाही, माझ्याकडं ते येतं, जसं मला आठवतं, मला दुखतं, मला भूक लागते. म्हणजे ‘मला’ लावून ‘दिसतं’ म्हटलं की आत कुणीतरी अनुभवणारं आहे असं आपोआप कबूल होतं.

‘बघणे’ मात्र केव्हाच डोळ्यांपासून सुटलंय. चव घेऊन बघ, विचारून बघ, वैद्य नाडी बघतो, यात डोळ्यांचं काय काम? आपल्या बेळगावात कन्नडमध्येही तसंच आहे की, तिंदु नोडु, केळि नोडु, आणि ‘मला दिसतं’ला तिकडंही ‘ननगे काणुत्तदे’, तिथंही ‘मला’च. दोन्ही भाषांनी रेघ एकाच जागी ओढलीय याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता टूल काय करतं ते बघा. फोटोचे छोटे छोटे चौकोनी तुकडे पाडले जातात, प्रत्येक तुकड्याचे आकडे होतात, आणि ते आकडे तुमच्या प्रश्नातल्या शब्दांच्या जोडीनं एकाच गणितात जातात. म्हणून उत्तर फोटोवरून आलं की तुमच्या शब्दांवरून, हे वरून कळत नाही. तुम्ही बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराचा फोटो टाकून प्रश्नातच ‘कमल बस्ती’ लिहिलंत आणि छतातल्या कमळाचं वर्णन आलं, तर त्यात फोटो वापरलाच असेल असं नाही, ते टूल आधी ज्या लिखाणावरून शिकलंय त्यातूनही येतं.

मी आणि मुलानं घरी करून बघितलं. जेवणाच्या टेबलावर सात वाट्या ठेवल्या, त्यातली एक पालथी, आणि बाजूला कागदावर पेननं ४७ लिहिलं. प्रश्नात काहीच सुचवलं नाही, फक्त फोटोत काय आहे एवढंच. पालथी वाटी बरोबर आली, ४७ आलं, वाट्या मात्र सहा सांगितल्या. मग बाकी काही न हलवता कागदावर ७४ लिहून पुन्हा फोटो काढला, प्रश्न तोच, उत्तरात ७४ आलं. माझ्या मते खरी कसोटी ही, कारण बदललं फक्त चित्रात आणि बदल उत्तरात उतरला, म्हणजे चित्रातली माहिती तिथपर्यंत पोचते हे नक्की. हा आकडा कुठं छापलेला नव्हता, आधी कुणाला माहीत नव्हता, अंदाजानं जमण्यासारखा नव्हता.

पण त्याच फोटोवर मुलानं कुंद्याच्या डब्याचा रंग विचारला (डबा तिथं नव्हताच) तर निवांत लाल सांगितला! म्हणजे विचारणाऱ्याच्या शब्दाला भुलून नसलेली वस्तूही सांगितली जाते. मोजणी चुकते, बारीक अक्षरं फोटो लहान केला जाताना जातात, म्हणून दुकानाच्या पाटीवरचा खालचा फोन नंबर वगैरे त्याच्या भरवशावर घेऊ नका, पाटी जवळून घ्या.

आता तुमचं ‘सिद्ध करून दाखव’. ‘करून दाखव’ म्हणजे काम दाखव, आणि काम ७४ नं दाखवलं. पण ‘दिसणं’ असं करून दाखवता येत नाही, तुम्हाला लाल कसा दिसतो हे मलाही दाखवता येणार नाही, फक्त आपण दोघं माणसं म्हणून मी मानून घेतो. टूलच्या बाबतीत मानायला तो आधार नाही. त्यानं ‘दिसतं’ लिहिलं काय आणि ‘मला काही दिसत नाही’ लिहिलं काय, दोन्ही वाक्यं माणसांच्या लिखाणातून शिकलेली, त्यामुळं दोन्हीपैकी एकही पुरावा नाही. समाधान झालं नाही यात तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही मागितलंत ते वाक्यानं मिळणारच नव्हतं.

मग म्हणायचं काय? ‘टूल फोटो बघतं’ मला चालतं, नाडी बघण्याइतकंच. ‘टूलला दिसतं’ मी म्हणणार नाही. आणि टूलच्या वाक्यातलं नुसतं ‘मला’ काढून टाकलं तरी काम होतं: ‘फोटोत सात वाट्या दिसतात.’ हे वाक्य फोटोबद्दल आहे, बघणाऱ्याबद्दल नाही, आणि चुकलं तर वाट्या मोजून लगेच सांगता येतं.