मामांच्या मृत्युपत्राचं पत्र भावंडांना पाठवायचंय, त्यात काय लिहू आणि मुदत किती देऊ?

प्रश्न : "नमस्कार वकीलसाहेब. आमचे मामा 9 जूनला वारले, मामी आधीच गेल्यात. रजिस्टर्ड मृत्युपत्रात मामांनी मला एक्झिक्युटर केलंय. साखर पेठेतलं घर दोन्ही मुलांना, अक्कलकोट रोडचा चादरीचा कारखाना म्हणजे माग धाकट्याला, नऊ लाखांची एफडी मुलीला, मोहोळची तीन एकर जमीन दोन्ही मुलांना, जुन्या कामगाराला पन्नास हजार, आणि उरलेलं तिघांना सारखं. धाकटा म्हणतो दिवाळीच्या आत सगळं नावावर करून दे. ताई पुण्यात असते, ती म्हणते मला कुणी काही सांगितलंच नाही. सुतवाल्याचं देणं आहे, पार्ट्यांकडून येणंपण आहे. एफडीला नॉमिनी धाकटाच आहे. सगळ्यांना पत्र पाठवायचंय, कसं लिहू? कोर्टात जावं लागेल का? – सोलापूर"

नमस्कार दादा. कोर्टाचं आधी सांगतो म्हणजे डोक्यावरचं ओझं उतरेल. मृत्युपत्र सोलापुरात झालंय, मालमत्ता सगळी इकडचीच, त्यामुळे हिंदू माणसाच्या अशा मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही. कुणी मृत्युपत्रालाच आव्हान दिलं तर कोर्ट येईलच, तिथे सह्या करणाऱ्या दोन साक्षीदारांपैकी निदान एकाला उभं करावं लागतं, रजिस्टर्ड आहे म्हणून ते टळत नाही. म्हणून ते दोघं आज कुठं राहतात, फोन काय, एवढं लिहून ठेवा.

आता पत्र. तिघांनाही तेच पत्र, एकाच दिवशी, स्पीड पोस्टने, पोहोच मागून, आणि सोबत मृत्युपत्राची पूर्ण कॉपी. आपल्या वाट्याचं पान तेवढं काढून द्यायचं नाही. ताईला एफडीच मिळतीये मग घराचं कशाला दाखवायचं, असा विचार घरातलं कुणीतरी नक्की बोलून दाखवेल, ऐकू नका. मृत्युपत्र नसतं तर ताई बरोबरीची वारस होती, त्यामुळे तिला सगळं बघायचा हक्क आहे आणि भांडण बहुतेक वेळा वाटणीपेक्षा लपवाछपवीतून पेटतं. कामगारालापण वेगळं छोटं पत्र द्या, त्याचं नाव मृत्युपत्रात आहे.

मुदतीचा खरा खेळ देण्याघेण्यात आहे. कायदा असा आहे की एक्झिक्युटरने आधी अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा वाजवी खर्च भागवायचा, मग मामांच्या हयातीतल्या शेवटच्या तीन महिन्यांची कामगारांची थकलेली मजुरी, मग बाकीची देणी, आणि हे सगळं झाल्यावरच मृत्युपत्रातल्या वाटण्या. आणि मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत कुणीही तुमच्याकडून वाटा सक्तीने मागू शकत नाही (भारतीय उत्तराधिकार कायदा 1925, कलम 337), म्हणजे तुमची बाहेरची हद्द पुढच्या वर्षीचा 9 जून. धाकट्याला हे कलम दाखवा, तो चिडेल पण समजेल.

आकडे तुम्ही दिले नाहीत म्हणून मी धरतो, तुम्ही तुमचे घाला. समजा हॉस्पिटल आणि अंत्यविधी मिळून 1,10,000, मजुरी 45,000, सुतवाला 3,80,000, एकूण 5,35,000 देणं. समोर सेव्हिंग खात्यात 1,90,000 आणि पार्ट्यांकडे येणं 4,60,000, म्हणजे 6,50,000. सगळी उधारी वसूल झाली तर देणी भागून 1,15,000 उरतात, त्यातून कामगाराचे 50,000, आणि राहिलेले 65,000 तिघांत. छान. पण चादरीच्या धंद्यातली उधारी तुम्हाला माहितीये, समजा 3,00,000 च हाती आले. मग एकूण 4,90,000, देण्यालाच 45,000 कमी पडतात. अशा वेळी तिघांचं उरलेलं तर गेलंच, कामगाराचे पन्नास हजारपण गेले, आणि तरी भागत नाही म्हणून जे नाव घेऊन दिलंय, म्हणजे एफडी, माग, घर, त्या सगळ्यांवर ही तूट किमतीच्या प्रमाणात बसते. आता तुम्ही दिवाळीला माग धाकट्याच्या नावावर करून मोकळे झालात आणि जानेवारीत सुतवाला तुमच्या दारात आला तर? ज्यांनी घेतलं त्यांच्याकडून परत मागायचा मार्ग कायद्यात आहे, पण सख्ख्या मामेभावाकडून पैसे परत काढणं काय असतं ते मी सांगायला नको.

कारखाना मात्र बंद ठेवू नका, माग थांबले की पार्ट्या तुटतात. धाकट्याला चालवू द्या पण "वाटप होईपर्यंत सांभाळायला दिला आहे, मालकी दिलेली नाही" एवढा कागद दोघांच्या सहीने करा, आणि त्याच दिवशी किती माग, किती सूत, किती तयार चादरी हे मोजून त्याखाली लिहा.

एफडीचं बघा. नॉमिनी म्हणजे मालक नाही, सुप्रीम कोर्टाने हे विम्याच्या बाबतीत 1984 मध्ये, बँकेच्या बाबतीत 2010 मध्ये आणि शेअर्सच्या बाबतीत 2023 मध्ये स्पष्ट केलंय. पण बँक पैसे नॉमिनीलाच देते आणि दिले की बँक मोकळी, तो पुढे ते ताईला देतो की नाही हे बँक बघत नाही. म्हणून तुमच्या पत्रात हे स्पष्ट लिहा की ही रक्कम मृत्युपत्राप्रमाणे ताईची आहे आणि धाकट्याने ती काढू नये, काढली तर तशीच वेगळी ठेवावी. बँकेच्या शाखेलापण मृत्युपत्राची कॉपी जोडून एक अर्ज द्या आणि पोहोच घ्या. बँक तेवढ्याने थांबेलच असं नाही, पण पुढे "मला माहीतच नव्हतं" असं कुणालाही म्हणता येणार नाही.

जमिनीवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण इथंच तुमचं पत्र चुकू शकतं. मोहोळची तीन एकर मामांना कुठून आली? स्वतः घेतलेली असेल तर ती कुणालाही द्यायचा त्यांना पूर्ण हक्क. आजोबांची स्वतःची होती, ते 1956 नंतर वारले आणि मामांना वारसाने मिळाली, तरीही साधारण ती मामांची एकट्याचीच. पण ती खरी वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर ताई जन्मानेच हिस्सेदार, लग्न झालं तरी. मग मामा, दोन मुलं आणि ताई असे चार हिस्से, तीन एकर म्हणजे 120 गुंठे, एकेकाला 30 गुंठे. मृत्युपत्र फक्त मामांच्या 30 गुंठ्यांवर चालतं, ते दोन भावांत 15-15, म्हणजे भावांना 45-45 आणि ताईला 30. "तीन एकर दोघा भावांची" असं तुम्ही पत्रात ठोकून दिलंत आणि जमीन वडिलोपार्जित निघाली तर तुम्ही ताईच्या विरुद्ध पार्टी झालात. म्हणून आधी तलाठ्याकडून जुने फेरफार काढा, आजोबांच्या नावावर ती कशी आली तिथपर्यंत मागे जा. फक्त चालू सात-बारावरून हे कळत नाही.

आणि एक वाक्य पत्रात अजिबात टाकू नका, "तीस दिवसांत उत्तर न आल्यास मृत्युपत्र मान्य आहे असे समजले जाईल". गप्प बसलं म्हणून कुणाचा हक्क जात नाही, त्या ओळीला वजन शून्य आहे आणि समोरच्याला ती धमकी वाटते. तसंच पोहोचेच्या कागदावर "माझी हरकत नाही" छापून सही घेऊ नका. पत्र मिळालं एवढीच सही घ्या. संमती घ्यायची तर ती हिशोब दाखवल्यावर, वेगळ्या कागदावर.

मसुदा असा ठेवा, तुमच्या भाषेत बदला :

"स. न. वि. वि. मामा 9 जून रोजी वारले. त्यांचं रजिस्टर्ड मृत्युपत्र आहे, त्यात एक्झिक्युटर म्हणून माझं नाव आहे. पूर्ण प्रत सोबत जोडली आहे, मूळ प्रत माझ्याकडे आहे आणि कधीही येऊन बघता येईल. मालमत्ता आणि देण्याघेण्याची यादी मी 31 ऑगस्टपर्यंत तुम्हा तिघांना पाठवीन. मामांचं कुठलं खातं, सोनं, उसनवारी, तारण तुम्हाला माहीत असेल तर त्याआधी कळवा. जमीन स्वतःची की वडिलोपार्जित हे जुन्या फेरफारांवरून बघून कळवतो, तोवर तिच्याबद्दल कुणीही व्यवहार करू नये. एफडी मृत्युपत्राप्रमाणे ताईची आहे, नॉमिनीने ती काढू नये, काढल्यास वेगळी ठेवावी. देणेकऱ्यांची मागणी 15 ऑक्टोबरपर्यंत घेऊ, येणं वसूल करून देणी 31 डिसेंबरपर्यंत भागवायचा प्रयत्न राहील, हिशोब जानेवारीअखेर तुमच्यासमोर ठेवीन आणि वाटप 31 मार्चपर्यंत करायचा विचार आहे. उधारी अडकली तर कारणासह कळवीन. मृत्युपत्राबद्दल किंवा तारखांबद्दल काही म्हणणं असल्यास लेखी कळवा, गप्प राहिल्याने तुमचा कुठलाही हक्क जात नाही."

पत्र 4 ऑगस्टच्या आसपास टाकलंत तर या तारखा जमतात. देणेकऱ्यांसाठी एखाद्या स्थानिक पेपरात रीतसर नोटीस द्या, खर्च मामांच्याच पैशातून. नोटिशीच्या मुदतीत जो आलाच नाही आणि ज्याचं देणं तुम्हाला माहीत नव्हतं, त्याच्यासाठी वाटप झाल्यावर तुम्हाला स्वतःच्या खिशातून धरता येत नाही, त्याने वाटा घेणाऱ्यांकडे जायचं. पण सुतवाल्याचं देणं तुम्हाला माहीतच आहे, त्याने मागितलं नाही तरी ते बाजूला काढायलाच हवं.

यादी करताना घराचं प्रॉपर्टी कार्ड आणि महापालिकेची टॅक्स पावती दोन्ही काढा, दोन्हीवर नाव एकच असतं असं नाही. आणि जमिनीची वर्दी तलाठ्याला मृत्यूपासून तीन महिन्यांत द्यायची असते, म्हणजे तुमच्याकडे 9 सप्टेंबरपर्यंतच वेळ आहे, ती वाटपासाठी थांबवू नका. वर्दीत सगळ्या वारसांची नावं आणि मृत्युपत्राचा उल्लेख दोन्ही द्या. फेरफाराची नोटीस ताईला पुण्याच्या पत्त्यावर गेली पाहिजे, तिचा गावाकडचा जुना पत्ता लागला असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. ती हरकत घेईल तर घेऊ द्या, नोंद वादात जाईल, मंडळ अधिकारी सुनावणी घेतील, आणि तिथे तुमच्या हातात ते जुने फेरफार असले म्हणजे झालं.