होस्टेलचा नवीन रेक्टर झालायस ना, पालकांना नियम सांगताना एवढं कर

पालकांसमोर पुस्तिका वाचून दाखवू नकोस, कोणी ऐकत नाही, सह्या करतात आणि पुढच्या महिन्यात भांडायला येतात. भांडण बहुतेक वेळा मेसच्या बिलावरून होतं, म्हणून तिथून सुरुवात कर आणि कागदावर हिशोबच मांडून दाखव. समजा मेस महिन्याला ३६०० आहे, म्हणजे दिवसाला १२०. मुलगी शनिवार-रविवार घरी गेली तर खाडा धरत नाहीत, सलग चार दिवस असतील आणि आदल्या दिवशी रजिस्टरला नोंद असेल तरच धरतात. दिवाळीला पाच दिवस गेली तरी ६०० नाही, ४०० च कमी होणार, कारण आचाऱ्याचा पगार नि गॅस चालूच असतो, त्याचे रोजचे ४० कापतात. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, ते टाक.

गेटची वेळ साडेनऊ, लेट पास हवा असेल तर फोन पालकांच्याच नंबरवरून यायला हवा, मुलीच्या मोबाईलवरून "बाबा बोलतायत" चालत नाही. भेटायला फक्त फॉर्मवर फोटो लावलेली माणसं, तीही व्हिजिटर रूममध्येच. मावसभाऊ आला तरी यादीत नाव नसेल तर गेटवरूनच परत, हे आधीच सांग, नाहीतर वॉचमन बिचारा शिव्या खातो.

कारवाईचे टप्पे सांग: लेखी समज, मग पालकांना बोलावणं, मग रूम रद्द. रॅगिंगला मात्र हे टप्पे लागू नाहीत, यूजीसीच्या २००९ च्या नियमांप्रमाणे प्रतिज्ञापत्रावर पालकांचीही सही असते, ते त्यांना वाचायला लाव आणि मगच सही घे.