लॅपटॉप घेताना रॅमचा स्लॉट बघितलात का?

"मुलाला यंदा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळाली. दुकानदार म्हणतो, प्रोग्रामिंगला ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉपच लागतो. मुलगाही तेच म्हणतो. आमचं बजेट साठ हजार. रॅम किती, स्टोरेज किती, विंडोज की लिनक्स, काही कळत नाही. स्वस्तातला घेतला आणि पोरगा मागे पडला तर?" (एक आई, कोथरूड)

आई, वडील आणि मुलगा, तिघंही तपकीर गल्लीपासून टिळक रोडपर्यंत फिरून तीन कोटेशनं घेऊन आले होते. पहिला गेमिंग लॅपटॉप, अडुसष्ट हजारांचा, रॅम ८ जीबी. दुसरा बारीक, हलका, दिसायला देखणा, बावन्न हजारांचा, त्यातही ८ जीबी. तिसरा जरा जाडजूड, एकोणपन्नास हजारांचा, पुन्हा ८ जीबीच. तिन्ही कागद शेजारी ठेवले की रॅमच्या आकड्यात फरक दिसत नाही. खरा फरक कोटेशनवर छापलेलाच नव्हता, पण त्याकडे येण्याआधी ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न मिटवायला हवा होता.

मी मुलाला विचारलं, "पहिल्या वर्षी काय शिकणार आहेस?" म्हणाला, "सी आणि पायथन." त्या दोन्हींसाठी ग्राफिक्स कार्ड बसून राहतं. लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसर आणि रॅमवर चालतो. पुढे मशिन लर्निंग आलं, तर शिकण्यापुरतं काम गूगल कोलॅबवर ब्राउझरमध्येच होतं. थोडा वेळ गप्प बसून मुलगा म्हणाला, "थोडं खेळायलाही होतं." वडील म्हणाले, "मग तसं सांग ना सरळ." मला त्यात काही गैर वाटलं नाही. खेळायला लॅपटॉप हवा असेल तर तो खर्च खेळाच्या नावावर धरावा, अभ्यासाच्या नावावर नको. शिवाय तो लॅपटॉप अडीच किलोच्या आसपासचा, चार्जरची वीट वेगळी, आणि बॅटरी चार लेक्चरं टिकेल की नाही शंका. पीएमपीच्या गर्दीत हे सगळं पाठीवर घेऊन रोज तोच जाणार होता. पहिलं कोटेशन त्यानंच बाजूला सारलं.

आता रॅम. मुलाबरोबर त्याच्या मामेभावाचा ८ जीबीचा लॅपटॉप होता, म्हणून तोंडी सांगण्यापेक्षा दाखवलं. Ctrl+Shift+Esc दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात Performance आणि मग Memory. नुसतं विंडोज चालू असतानाच साडेतीन जीबी वापरात होती. एकूणही आठ दिसत नव्हती, कारण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये स्क्रीनसाठी लागणारी मेमरी याच रॅममधून जाते. तिथंच खाली ती Hardware reserved म्हणून दिसते. मग प्रोग्राम लिहायचा व्हीएस कोड आणि क्रोमचे दहाएक टॅब उघडले, आकडा सहाच्या जवळ गेला. इथपर्यंत सगळं सुरळीत. सी आणि पायथन यात आरामात बसतात, म्हणजे पहिल्या वर्षाला ८ जीबीनं अडत नाही.

मामेभाऊ तिसऱ्या वर्षाला होता, त्यामुळे त्याच्याकडे मोबाइलची ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ होता. तो उघडून एम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा खोटा मोबाइल, सुरू केला. मेमरी पंचाण्णव टक्क्यांच्या वर गेली, माउस अडखळायला लागला आणि Disk चा आलेख शंभरला टेकला. रॅम भरली की विंडोज जास्तीचा माल एसएसडीवर, म्हणजे फायली साठवायच्या डिस्कवर, नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमपुढे ती मंदच. लॅपटॉप 'स्लो' झाला म्हणून लोक प्रोसेसरला दोष देतात, पण मेमरी आणि डिस्क दोन्ही एकदमच वर चढलेले दिसले तर दुखणं रॅमचं असतं. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसह चालवायला गूगल स्वतःच किमान १६ जीबी सांगतं.

म्हणजे आज ८ चालेल, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी १६ लागणार. मग प्रश्न उरतो तो एवढाच की वाढवता येईल का. देखण्या लॅपटॉपची सगळी रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली होती, स्लॉटच नव्हता. तो जन्मभर ८ जीबीचाच. जाडजूड लॅपटॉपमध्ये ८ जीबी बोर्डावर आणि शेजारी एक स्लॉट रिकामा. त्याच Memory पानावर Slots used आणि Form factor अशा ओळी असतात. Row of chips दिसलं तर रॅम सोल्डर केलेली, SODIMM दिसलं तर काढता-घालता येणारी. पण सोल्डर केलेल्या चिपाही कधी कधी तिथं स्लॉट म्हणून मोजल्या जातात, त्यामुळे त्यावर विसंबू नये. कंपनीच्या साइटवर नेमक्या मॉडेल नंबरची माहिती उघडून कमाल रॅम किती आणि स्लॉट किती हे वाचावं. दुकानदाराच्या "वाढते हो, सगळ्यांची वाढते" यावर मुळीच जाऊ नये.

स्टोरेजचं फार काही नाही. ५१२ जीबीची एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान प्रकारची, एसएसडी घ्यावी. २५६ मध्ये विंडोज, अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एम्युलेटर बसले की जागा भरत येते. जुनी फिरत्या चकतीची हार्ड डिस्क मुख्य डिस्क म्हणून फुकट मिळाली तरी नको. एसएसडी बहुतेक लॅपटॉपांत नंतर बदलता येते, म्हणून पैसे तोकडे असतील तर आधी रॅम बघावी.

ऑपरेटिंग सिस्टिमवर वडिलांचा आग्रह होता. तोच जाड लॅपटॉप 'डॉसवाला' घेतला तर पाच हजार वाचत होते. डॉसवाला म्हणजे विंडोजशिवायचा. घरात लिनक्स टाकणारं कुणी असेल तर हा सौदा चांगला आहे. पण ऑनलाइन परीक्षांची काही सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाहीत आणि मग ऐनवेळी धावाधाव होते. चोरीचं विंडोज टाकून देतो म्हणणारा भेटतोच, त्याला नको म्हणावं. विंडोज ११ होम घेतलं तर लिनक्स त्याच्या आतच चालतं. पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं आणि एवढंच लिहायचं:

```
wsl --install
```

रीस्टार्ट झालं की उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, तयार. लॅबमधल्या लिनक्स कमांड घरी करायला तेवढं पुरतं. सेटिंगमध्ये S mode लिहिलेलं दिसलं तर आधी त्यातून बाहेर पडावं लागतं, कारण त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप चालतात. बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण परत जाता येत नाही. मॅकचं विचाराल, तर आयफोनची ॲप बनवायची असतील तरच तो अटळ.

ठरला तिसरा. उरलेल्या पैशांत ८ जीबीची पट्टी लगेच घेऊन टाकायची, तीही डीडीआर ४ की ५ ते जुळवून, आणि ती कंपनीच्या अधिकृत माणसाकडून बसवायची, म्हणजे वॉरंटीचा वाद नको. शनिवारी आईंचा दुकानातूनच फोन आला. "पट्टी बसवली म्हणतात, पण टास्क मॅनेजर आठच दाखवतोय!" पट्टी स्लॉटमध्ये पूर्ण शिरलेली नसेल तर असंच दिसतं. काढून पुन्हा बसवायला सांगितली. दोन्ही कडेच्या क्लिपा टक् करून लागल्या की ती बसली समजायचं. दहा मिनिटांनी पुन्हा फोन: "आता १६ आलं. अँटीव्हायरस घ्या म्हणतात, पंधराशेचा. घेऊ?"

म्हटलं, नको, विंडोजमधला डिफेंडर आहे, तो पुरे.